एल अँड टीत सगळ्यात जास्त शेअर कुणाचे?

पवईच्या कारखान्यात उभी हयात काढलेले माझे एक स्नेही आहेत. लार्सन अँड टुब्रोचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "आमच्या कंपनीला मालक नाही." मध्यंतरी चहाच्या वेळी त्यांच्या पुतण्याने विचारलं, "काका, मालक नाही म्हणता, पण शेअर तर कुणाकडे तरी असतीलच ना? सगळ्यात जास्त कुणाकडे?" काकांनी क्षणाचाही विलंब न लावता "एलआयसी" असं उत्तर दिलं. पुतण्याने मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये पाहिलं. तिथे वरच्या नावांत एसबीआयच्या एका निफ्टी ईटीएफचं नाव होतं, एलआयसी होती, आणि भलतीकडेच, किरकोळ गुंतवणूकदारांच्या रकान्यात, एका ट्रस्टच्या नावापुढे चांगलाच मोठा आकडा होता. त्यावरून वाद सुरू झाला, आणि शेअर बाजाराशी माझा पोटापाण्याचा संबंध असल्यामुळे निवाड्याचं काम माझ्याकडे आलं.

निवाडा तिथल्या तिथे देता आला नाही, कारण माहिती उघड असली तरी ती जशी दिसते तशी नसते. भारतातल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत आपल्या भागधारकांचा तक्ता शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. सेबीच्या २०१५च्या नोंदणीविषयक नियमांतलं ३१ क्रमांकाचं कलम हे सांगतं. म्हणजे ३१ मार्चचं चित्र उशिरात उशिरा २१ एप्रिलपर्यंत बीएसईच्या आणि एनएसईच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहायला मिळतं. बीएसईवर एल अँड टीचा सांकेतिक क्रमांक आहे `500510`, एनएसईवर नुसतं `LT`. कंपनीच्या पानावर गेलं की शेअरहोल्डिंग पॅटर्न नावाचा दुवा असतो, त्यात तिमाही निवडायची. ॲपवाले आणि वर्तमानपत्रंही इथूनच आकडे उचलतात, फक्त उचलताना आपापल्या पद्धतीने गटवारी बदलतात. म्हणून मी नेहमी मूळ तक्त्यापासून सुरुवात करतो.

तक्त्याचे मुख्य भाग तीन: प्रवर्तक, सार्वजनिक, आणि "ना प्रवर्तक ना सार्वजनिक" असा एक विचित्र नावाचा तिसरा. एल अँड टीच्या बाबतीत प्रवर्तकांच्या भागात शून्य आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोघा डेन्मार्कच्या अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत ही भागीदारी सुरू केली, पण आज त्यांच्या वारसांचा किंवा कुठल्याही घराण्याचा तिच्यावर ताबा नाही. तेव्हा काकांचं वाक्य कायद्याच्या भाषेतही खरं आहे. जे काही शोधायचं ते दुसऱ्या, सार्वजनिक भागधारकांच्या भागात.

हा भाग उघडला की आधी देशी संस्था येतात: म्युच्युअल फंड, पर्यायी गुंतवणूक फंड, बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह आणि पेन्शन फंड. मग परदेशी संस्था, मग सरकार, आणि शेवटी संस्था नसलेले बाकी सगळे. प्रत्येक ओळीत त्या गटातल्या भागधारकांची संख्या, त्यांचे एकूण शेअर आणि टक्केवारी असते. त्याखाली, ज्यांचा वाटा एक टक्का किंवा त्याहून जास्त आहे त्यांची नावं स्वतंत्रपणे दिलेली असतात. एका टक्क्याच्या खालचे सगळे बिननावी, गटाच्या बेरजेत मिसळलेले. एल अँड टीचे एकूण शेअर साधारण १३७.५ कोटी आहेत. म्हणजे १.३७ कोटींहून थोडे अधिक शेअर असल्याशिवाय इथे नाव लागत नाही. शेअर साडेतीन हजार रुपयांच्या आसपास धरला तर ही सुमारे ४,८०० कोटींची मालमत्ता झाली. एवढं असूनही नाव न दिसणारे बरेच असतात, हे या तक्त्याबद्दल आधीच ध्यानात ठेवलेलं बरं.

आता त्या ट्रस्टचं बघू, कारण पुतण्याला सगळ्यात जास्त तेच खटकलं होतं. ते नाव म्हणजे एल अँड टी एम्प्लॉइज ट्रस्ट. त्याचा उगम समजायला वीसेक वर्षं मागे जावं लागतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अंबानींनी एल अँड टीत शिरकाव केला होता. नोव्हेंबर २००१मध्ये रिलायन्सने आपला १०.०५ टक्के हिस्सा आदित्य बिर्ला समूहाच्या ग्रासिमला शेअरला ३०६ रुपये ६० पैसे या भावाने विकला, आणि कंपनी आता बिर्लांच्या हाती जाणार अशी हवा तयार झाली. बिर्लांना हवा होता तो सिमेंटचा धंदा. अखेर २००३मध्ये तोडगा निघाला: सिमेंटचा व्यवसाय वेगळा काढून तो ग्रासिमकडे गेला, आजची अल्ट्राटेक ती हीच, आणि त्याच सौद्यात ग्रासिमकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या ट्रस्टने घेतले. तेव्हापासून हा ट्रस्ट कंपनीच्या सगळ्यात मोठ्या भागधारकांपैकी एक आहे. अलीकडच्या वर्षांत त्याचा वाटा १३-१४ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. पण तक्त्यात तो म्युच्युअल फंड नाही, विमा कंपनी नाही, पेन्शन फंडही नाही, म्हणून त्याची जागा बिगर-संस्थांत. ॲपमध्ये हा गट "पब्लिक" या नावाखाली येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे सगळे घराघरांतले छोटे गुंतवणूकदार.

म्हणजे "सगळ्यात मोठा भागधारक कोण" आणि "सगळ्यात मोठा संस्थात्मक भागधारक कोण" हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचं उत्तर देताना ट्रस्ट विसरून चालत नाही. दुसऱ्याचं उत्तर विमा कंपन्यांच्या ओळीखाली सापडतं, आणि तिथे काका बरोबर आहेत: भारतीय आयुर्विमा महामंडळ. त्यांचा वाटा गेल्या काही वर्षांत कमीजास्त होत राहिला तरी दहा टक्क्यांच्या वरच आहे. नरिमन पॉइंटच्या 'योगक्षेम'मधून जे पैसे गुंतवले जातात ते बहुतांश आपल्या-तुपल्या पारंपरिक पॉलिसींचे हप्ते असल्यामुळे इथे फारशी गुंतागुंत नाही. एलआयसीचं नाव आणि एलआयसीचा आकडा सहसा एकमेकांशी जुळतात.

गुंतागुंत आहे ती म्युच्युअल फंडांच्या ओळीखाली. तिथे दिसणाऱ्या नावांकडे नीट पाहा. "एसबीआय म्युच्युअल फंड", "एचडीएफसी म्युच्युअल फंड" अशी फंड घराण्यांची नावं क्वचितच दिसतील. दिसतात ती योजनांची नावं: कुठलासा निफ्टी ईटीएफ, कुठला तरी लार्ज कॅप, एखादा बॅलन्स्ड ॲडव्हांटेज. साहजिकच वाचणारा समजतो की त्या एकट्या योजनेकडे चार-पाच टक्के शेअर आहेत. वर्तमानपत्रांतसुद्धा "अमुक ईटीएफने हिस्सा वाढवला" अशा बातम्या मी वाचल्या आहेत.

असं का होतं हे समजायला तक्ता कसा तयार होतो ते पाहावं लागतं. शेअर डिमॅट स्वरूपात असतात, आणि कोणत्या खात्यात किती शेअर आहेत याची यादी एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींकडून कंपनीला मिळते. या धंद्यातली माणसं तिला बेनपॉस म्हणतात. म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक योजनेचं डिमॅट खातं वेगळं असतं आणि त्यावर योजनेचं नाव असतं. पण कायद्याने म्युच्युअल फंड हा एक ट्रस्ट आहे, योजना त्याच्या पोटातल्या. त्यामुळे पॅन मात्र सगळ्या योजनांचा एकच. पूर्वी एकाच भागधारकाची वेगवेगळी खाती तक्त्यात विखुरलेली दिसायची. २०१७च्या अखेरीस सेबीने सांगितलं की एकाच पॅनवरची खाती एकत्र करून एकच आकडा द्या. कंपनीचा रजिस्ट्रार आता तेच करतो: एका पॅनखालची वीस-तीस खाती एकत्र करतो, शेअर बेरीज करतो, आणि त्या गठ्ठ्याला त्यातल्याच एका खात्याचं नाव लावतो. आकडा अख्ख्या फंड घराण्याचा आणि पाटी एका योजनेची, असा प्रकार होतो. चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची पत्रं दारावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे यावीत तसं.

हे ओळखायचं कसं? एक ढोबळ हिशेब पुरतो, आणि पुतण्याला मी तो कागदावर करून दाखवला. एसबीआयच्या निफ्टी ५० ईटीएफमध्ये साधारण २ लाख कोटी रुपये आहेत असं धरू. हा देशातला सगळ्यात मोठा ईटीएफ आहे, तेव्हा आकडा फार अवाच्या सवा नाही. निफ्टीत एल अँड टीचं वजन ४ टक्क्यांच्या जवळपास धरू. ईटीएफला निर्देशांकाच्या वजनाप्रमाणेच शेअर घ्यावे लागतात, स्वतःचं डोकं चालवायची मुभा नाही. म्हणजे त्याच्याकडे एल अँड टीचे ८,००० कोटींचे शेअर असायला हवेत. शेअरचा भाव ३,६०० रुपये घेतला तर हे झाले सुमारे २ कोटी २२ लाख शेअर. १३७.५ कोटींशी त्याचं प्रमाण १.६ टक्के. आता तक्त्यात याच नावापुढे चार टक्क्यांच्या वरचा आकडा दिसत असेल, तर तो एकट्या ईटीएफचा असणं शक्यच नाही. उरलेले शेअर त्याच घराण्याच्या इतर योजनांचे आहेत.

पण हा झाला संशय. खात्री करायची तर दुसऱ्या टोकाकडून यावं लागतं. प्रत्येक म्युच्युअल फंड महिना संपल्यावर दहा दिवसांत आपल्या प्रत्येक योजनेची संपूर्ण यादी जाहीर करतो, कुठल्या कंपनीचे किती शेअर आणि त्यांची किंमत किती, सगळं. फंड घराण्याच्या संकेतस्थळावर "मंथली पोर्टफोलिओ" या नावाने ती एक्सेल फाइल मिळते. बहुतेकदा एका योजनेला एक पान अशी लांबलचक फाइल असते. इथे एका टक्क्याची अट नाही. पाचशे शेअर असले तरी त्यांची नोंद असते.

या फाइलमध्ये कंपनीचं नाव टाकून शोधायची चूक मी सुरुवातीला केली होती. एक फंड "लि." लिहितो, दुसरा "लिमिटेड" लिहितो, आणि "एल अँड टी" टाकलं की एल अँड टी फायनान्स आणि एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस यांच्याही ओळी समोर येतात. त्यापेक्षा आयसिनने शोधावं. आयसिन म्हणजे प्रत्येक रोख्याचा बारा अक्षरांचा ओळख क्रमांक. एल अँड टीच्या शेअरचा आहे `INE018A01030`. कंपनीने काढलेल्या कर्जरोख्यांचा आयसिन वेगळा असतो, त्यामुळे कर्जयोजनांच्या पानांवरची एल अँड टीची नावं आपोआप गळून पडतात. ही गाळणी महत्त्वाची आहे, कारण कर्जरोखे म्हणजे मालकी नव्हे.

मग प्रत्येक पानावरचा "क्वांटिटी"चा आकडा घेऊन बेरीज करायची. किमतीच्या रकान्यावरून हिशेब करू नका. तो लाख रुपयांत असतो आणि शून्यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. मी ही बेरीज केली की दोन गोष्टी पाहतो. त्या ईटीएफच्या पानावरचे शेअर आपल्या ढोबळ हिशेबाच्या आसपास आहेत का, आणि सगळ्या पानांची बेरीज तक्त्यातल्या आकड्याशी जुळते का. जुळली की पाटी कुणाची आणि बिऱ्हाडं किती हे उलगडतं.

बेरीज शेअरपर्यंत तंतोतंत जुळेलच असं नाही आणि त्याने घाबरून जायचं कारण नाही. अर्थात, तुलना एकाच दिवसाची हवी. ३१ मार्चचा तक्ता एप्रिलअखेरच्या फाइलशी ताडून पाहणारे लोक मला भेटले आहेत, त्यांना सांगण्यासारखं काही नाही. पण तारीख एकच असली तरी थोडा फरक राहतो, कारण फंडाच्या हिशेबात शेअर खरेदी केल्या दिवशीच जमा होतात, आणि डिमॅट खात्यात ते येतात व्यवहारपूर्तीनंतर, म्हणजे कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी झालेले व्यवहार फाइलमध्ये दिसतात आणि तक्त्यात दिसत नाहीत. फरक एवढ्यापुरताच असेल तर तो खपवून घ्यावा. बेरीज दहा-वीस टक्क्यांनी कमी पडत असेल तर मात्र एखादं पान सुटलेलं असतं. माझा अनुभव असा की सुटतात त्या मुदतबंद योजना आणि निवृत्तीसाठीच्या किंवा मुलांसाठीच्या योजना, कारण काही घराणी त्यांच्या फाइली वेगळ्या ठेवतात.

एवढी खटपट कशासाठी, असं काकांनी विचारलंच. त्याचं कारण बेरजेत नाही, फोडीत आहे. समजा, एका फंड घराण्याकडे एल अँड टीचे पाच टक्के आहेत. त्यातले किती निर्देशांकामुळे नाइलाजाने घेतलेले आणि किती फंड व्यवस्थापकाने विचार करून घेतलेले, हे तक्त्यावरून कळत नाही, योजनावार फोडीतून कळतं. आर्बिट्राज योजनांचं तर आणखी मजेशीर आहे. त्या शेअर विकत घेतात आणि त्याच वेळी तेवढ्याच शेअरचे वायदे विकून ठेवतात. भाव वर जावो की खाली, त्यांना सुतराम फरक पडत नाही, त्यांचा नफा दोन भावांतल्या फरकात असतो. त्यांचे शेअर तक्त्यात मात्र इतरांसारखेच मोजले जातात. फाइलमध्ये त्याच पानाच्या खालच्या भागात वायद्यांची उणे चिन्हाची ओळ दिसली की समजावं, हा भागधारक कागदावरच भागधारक आहे.

आणि त्या मोठ्या ईटीएफमागे कोण आहे? बऱ्याच अंशी कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना. ऑगस्ट २०१५पासून ईपीएफओ आपल्याकडे नव्याने येणाऱ्या पैशांतला काही भाग शेअर बाजारात घालते, पण स्वतः शेअर विकत घेत नाही, ईटीएफ घेते, आणि त्यात एसबीआय म्युच्युअल फंडाचा वाटा मोठा आहे. सुरुवात पाच टक्क्यांनी झाली, पुढे ती मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे एल अँड टीच्या भागधारकांच्या तक्त्यात देशभरच्या नोकरदारांचा पीएफ आहे, पण ईपीएफओ हे नाव कुठेच नाही. तक्ता शेअर ज्याच्या खात्यात आहेत त्याचं नाव सांगतो, पैसा कुणाचा ते सांगत नाही.

परदेशी संस्थांच्या भागात याच्या नेमकं उलट घडतं. आपल्याकडचं फंड घराणं एका पॅनखाली गोळा होतं. परदेशी घराण्याचा मात्र प्रत्येक फंड सेबीकडे स्वतंत्र नोंदवलेला आणि स्वतंत्र पॅनचा असतो. व्हॅनगार्डचा विकसनशील बाजारांचा इंडेक्स फंड वेगळा आणि आंतरराष्ट्रीय शेअर बाजाराचा इंडेक्स फंड वेगळा. एकाचा वाटा ०.९ टक्के आणि दुसऱ्याचा ०.८ असेल तर दोघांची मिळून १.७ टक्के मालकी असूनही तक्त्यात व्हॅनगार्ड हा शब्दच येणार नाही. सिंगापूर सरकार आणि सिंगापूरचं चलन प्राधिकरण हेही असेच दोन वेगळे भागधारक. म्हणून परदेशी संस्थांच्या ओळीत बेरीज वीस टक्क्यांची आणि खाली नावं मात्र मोजून एक-दोन, असं दिसलं तर त्यावरून "परदेशात मोठा कुणी नाही" असा निष्कर्ष काढू नये. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडासारखे काही जण आपली सगळी गुंतवणूक कंपनीवार स्वतःच जाहीर करतात, तिथे थेट पाहता येतं. अमेरिकेतल्या मोठ्या गुंतवणूकदारांना दर तिमाहीला जो १३एफ नावाचा अर्ज भरावा लागतो, त्याच्यावर विसंबणारी संकेतस्थळं इथे कुचकामी ठरतात. तो अर्ज अमेरिकी बाजारात नोंदलेल्या रोख्यांपुरता असतो आणि मुंबईत घेतलेले एल अँड टीचे शेअर त्यात येतच नाहीत.

विमा कंपन्यांकडे परत येतो. इथे नावसाधर्म्याचा सापळा आहे. आयसीआयसीआय प्रुडेन्शियल म्युच्युअल फंड आणि आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफ, एसबीआय म्युच्युअल फंड आणि एसबीआय लाइफ, या जोड्यांची पाटी सारखी असली तरी पैसा, पॅन आणि निर्णय घेणारी माणसं वेगळी. तक्त्यातही त्या वेगवेगळ्या ओळींखाली येतात. त्यांची बेरीज करून "आयसीआयसीआयचा एकूण हिस्सा" काढणं म्हणजे आडनाव एक म्हणून दोन बिऱ्हाडांचा सातबारा एक करणं.

एका टक्क्याच्या खालच्या विमा कंपन्यांपाशी मात्र हा शोध अडतो. युलिप योजनांची मासिक पत्रकं कंपन्या काढतात, त्यात त्या-त्या फंडात कुठल्या शेअरचं प्रमाण किती टक्के ते दिलेलं असतं. फंडाच्या एकूण रकमेला त्या टक्क्यांनी गुणलं आणि महिनाअखेरच्या भावाने भागलं की शेअरची संख्या बऱ्यापैकी काढता येते. पारंपरिक पॉलिसींच्या पैशांचं तसं पत्रक निघत नाही. त्यामुळे म्युच्युअल फंडांची यादी शेवटच्या शेअरपर्यंत लावता येते, विमा कंपन्यांची नाही. गटाच्या एकूण बेरजेतून नावानिशी दिलेल्यांचा आकडा वजा केला की उरलेल्या सगळ्या विमा कंपन्यांकडे मिळून किती हे कळतं, त्यावर समाधान मानायचं.

टक्केवारीबद्दल एक सांगायचं राहिलं. दोन तिमाह्यांची तुलना करताना मी आधी शेअरची संख्या पाहतो, टक्के नंतर. एल अँड टीने सप्टेंबर २०२३मध्ये शेअरला ३,२०० रुपये देऊन ३ कोटी साडेबारा लाख शेअर परत विकत घेतले आणि रद्द केले. त्यासाठी १०,००० कोटी रुपये मोजले. एकूण शेअर साधारण १४०.६ कोटींवरून १३७.५ कोटींवर आले. समजा, एखाद्या संस्थेकडे १५ कोटी शेअर होते आणि तिने त्यातला एकही परत दिला नाही. तिचा वाटा आधी १०.६७ टक्के होता, नंतर १०.९१ टक्के झाला. एक रुपया न घालता तिने "हिस्सा वाढवला". त्या तिमाहीनंतर टक्क्यांवरून लिहिलेल्या अनेक बातम्यांमध्ये खरेदी न केलेले खरेदीदार असणारच. शिवाय टक्के काढताना भाजकात कोण येतं तेही पाहावं लागतं. परदेशात विकलेल्या डिपॉझिटरी रिसीटच्या मागे जे शेअर ठेवलेले असतात, ते त्या तिसऱ्या विचित्र नावाच्या भागात जातात आणि तक्त्यातल्या मुख्य टक्केवारीच्या हिशेबातून वगळले जातात. एल अँड टीत हा फरक छोटा आहे. ज्या बँकांच्या आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या रिसीट न्यूयॉर्कला मोठ्या प्रमाणावर चालतात, तिथे तो डोळ्यांत भरण्याएवढा होतो.

तक्ता तीन महिन्यांनी येतो, मग मधल्या काळात काय? ज्याच्याकडे पाच टक्के किंवा जास्त शेअर आहेत, त्याचा वाटा आधी कळवलेल्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त बदलला की त्याला कामकाजाच्या दोन दिवसांत कंपनीला आणि शेअर बाजारांना पत्र द्यावं लागतं. कंपनी ताब्यात घेण्यासंबंधीचे सेबीचे नियम आहेत, त्यांतलं हे २९वं कलम. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत इथे सगळ्या योजना मिळून हिशेब होतो. एलआयसीची अशी पत्रं वरचेवर येतात आणि दुसऱ्या दिवशी "एलआयसीने अमुक कंपनीतला दोन टक्के हिस्सा विकला" असा मथळा छापून येतो. बाजारातही कुजबुज सुरू होते की महामंडळाला काही कळलं असेल का.

पुतण्याने अशीच एक बातमी मला नंतर पाठवली, दुसऱ्या एका कंपनीची. मी त्याला मूळ पत्र उघडायला सांगितलं. त्यात व्यवहारांचा काळ एका ओळीत दिलेला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. विक्री वर्षभराहून जास्त काळ थोडी थोडी चालू होती. दोन टक्क्यांची रेघ फक्त त्या आठवड्यात ओलांडली गेली होती.